विराणी म्हणताना डोळ्यांपुढं नवरा येतो

«मावशी, नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची आहे. मालक चाकणला कंपनीत आहेत. पोळा-दिवाळीला येतात, तेही सुट्टी मिळाली तर. घरी मी, सासूबाई आणि कोरडवाहू शेत. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात मी गाते. आवाज बरा आहे म्हणून ज्ञानोबांच्या विराण्या मलाच म्हणायला लावतात. पण ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं विठ्ठल येत नाही, हे येतात. मागच्या एकादशीला म्हणता म्हणता रडू आलं. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, ‘नवऱ्याले आठवून देवाचं गानं म्हनतं काय? लेकीबाळीनं असं म्हनाचं नसते.’ तेव्हापासून मी विराणी सोडली आहे. हे पाप आहे का? आणि ज्ञानोबा तर पुरुष, संसार न केलेले, त्यांनी अशी बाईची तळमळ कशी लिहिली? ते तर देवाशी एकरूप झालेले होते, मग त्यांना तळमळ कशाची?»

पोरी,

पाप नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचेपर्यंत तू जीव टांगणीला लावून बसशील. विराणी सोडू नकोस. पण नुसतं ‘पाप नाही’ म्हणून पत्र संपवलं तर तुझ्या बाकीच्या दोन प्रश्नांवर अन्याय होईल, आणि मला तर तेच मोलाचे वाटतात.

तू जी विराणी म्हणतेस ती एकदा नीट समोर ठेव. सुरुवातीला ढगांचा आवाज आहे, वारा आहे, आणि ती बाई सख्यांना म्हणते, कान्ह्याला लवकर भेटवा. मग एकेक गोष्ट येते. चंद्र, चांदणं, चाफा, चंदन, यांतलं काहीही देवकीनंदनाशिवाय नकोसं झालंय. ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी.’ फुलांची शेज, खरं तर थंडगार, पण ती आगीसारखी भाजते, ‘वेगीं विझवा कां’. कोकिळांनाही गप्प करा, म्हणते. यातला प्रत्येक शब्द अंगाचा आहे. चोळी, शेज, पोळणं, कान. सुरुवातीचा ‘भवतारकु’ सोडला तर पोथीतला तत्त्वज्ञानाचा शब्द इथे नाही. चंदन आणि चांदणं विरहिणीला जाळतात ही रीत संस्कृत-प्राकृत प्रेमकवितेत ज्ञानोबांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती. ती त्यांनी जशीच्या तशी उचलली. राजदरबारात, गावाबाहेरच्या वाटेवर, जिथे जिथे माणूस माणसाची वाट बघतो तिथली भाषा त्यांनी देवाच्या दारात आणली, आणि ती धुऊनपुसून आणली नाही. देवाची ओढ दाखवायला त्यांना माणसाच्या ओढीपेक्षा खरं काही सापडलं नाही.

मग ते गाताना तुला तुझं माणूस आठवलं तर गाण्याने आपलं काम केलं, एवढंच झालं. ज्या बाईने कधी कुणाची वाट पाहिलेलीच नाही तिच्या तोंडून ‘पोळे आगीसारिखी’ हे शब्द कोरडे निघतील. तुझ्या मंडळातल्या बायका विराणीसाठी तुझं नाव घेतात ते फक्त गळ्यासाठी घेतात असं मला वाटत नाही.

आता शेवटचं कडवं पाहा. तुम्ही मंडळात ते बहुतेक घाईत म्हणता, कारण तोवर टाळांची लय चढलेली असते. ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें, बाप रखुमादेविवरें मज ऐसें केलें.’ आरशात पाहिलं तर माझंच रूप मला दिसत नाही. त्याने मला असं करून ठेवलं. पूर्ण विराणीभर कान्हा आलेला नाही. कुणीही त्याला आणलेलं नाही. भेट झालेली नाही. घडलंय एवढंच की जी वाट पाहत होती ती आता स्वतःलाच सापडत नाही.

याच्या शेजारी त्यांचंच दुसरं पद ठेव, ‘पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती’. तेही तुम्ही ऐकलेलं असणार. त्यातली बाई विठ्ठलाच्या अगदी जवळ गेलेली आहे. पाया पडायला वाकते तर पाऊलच दिसत नाही. तो समोर आहे की पाठमोरा, कळत नाही. मिठी मारायला बाहू फुरफुरतात, ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली’, कवेत घ्यायला गेले तर मी एकटीच. आणि लगेच, ‘आसावला जीव राहो’. जीव आसावलेलाच राहिला.

ही दोन पदं मी अनेक वर्षं शेजारी शेजारी म्हणते आणि मला वाटतं ज्ञानोबांच्या विरहाची किल्ली इथेच आहे. एका पदात आरशात पाहिलं तर ‘मी’ नाही. दुसऱ्यात मिठी मारली तर ‘तो’ नाही, फक्त ‘मी’. एकीकडून पाहावं तर तोच तो उरला, दुसरीकडून पाहावं तर मीच मी उरले. दोन्हींचा अर्थ एकच की मधे अंतर राहिलेलं नाही. आणि तरीही दोन्ही बाया सुखाने गप्प बसलेल्या नाहीत. एक तक्रार करते, दुसरीचा जीव आसावलेला आहे.

तुझा तिसरा प्रश्न, एकरूप झालेल्याला तळमळ कशाची, याचं उत्तर इथे आहे. आपण समजतो की विरह लांब असल्यामुळे होतो आणि भेटलं की संपतो. चाकण आणि तुझं गाव यांच्यातलं अंतर असंच आहे. दिवाळीत ते संपतं. ज्ञानोबांचा विरह अंतरामुळे झालेला नाही. अमृतानुभवाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी शिव आणि शक्तीचं वर्णन नवरा-बायको म्हणूनच केलंय. ती दोघं आवडीच्या भरात एकमेकांना गिळून टाकतात, आणि दोन असण्याची गोडी हवी म्हणून पुन्हा वेगळी होतात. एक झाल्यावरही प्रेम करायला दोघं लागतात. म्हणून तो विरह म्हणजे काहीतरी कमी असल्याचा पुरावा नाही. प्रेमाने स्वतःसाठी ठेवलेली जागा आहे ती. भजन संपल्यावर ‘माझी भेट अजून झाली नाही’ अशी रुखरुख वाटली तर तुझी भक्ती कच्ची आहे असं समजू नकोस. ज्यांनी हे पद रचलं त्यांच्या शेवटच्या ओळींतही ती रुखरुख आहे.

पुरुषाने बाईच्या तोंडून का बोलावं, हा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस, आणि त्याचं एक उत्तर तर तुझ्याच जिल्ह्यात होऊन गेलं. चांदूर बाजार तालुक्यातलं माधान हे गुलाबराव महाराजांचं गाव. 1881 सालचा जन्म, 1915 साली गेले, उणीपुरी चौतीस वर्षं जगले. अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेली. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे आणि वेदान्तावर लिहायचे ते मात्र भल्याभल्या शास्त्र्यांना विचारात पाडणारं. हा माणूस स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घ्यायचा आणि श्रीकृष्णाची पत्नी. कुंकू लावायचे, मंगळसूत्र घालायचे. वऱ्हाडातल्या शेतकरी घरातला, लग्न झालेला गडी असा वावरतो म्हटल्यावर तेव्हाच्या गावाने काय पाहिलं असेल, काय बोललं असेल, याची कल्पना तुला माझ्यापेक्षा चांगली येईल.

त्यांच्या विचाराला मधुराद्वैत म्हणतात. देव आणि मी एकच, हे पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही मी त्याची बायको होऊन त्याच्यावर प्रेम करीन. आधी अज्ञान म्हणून वेगळेपण आणि नंतर ज्ञान झाल्यावर प्रेम बंद, असा हिशोब त्यांनी मानला नाही. ज्ञान झाल्यावरचं प्रेम त्यांनी अधिक खरं धरलं, कारण त्यात भीती नाही आणि मागणंही नाही. जे पत्नीपण त्यांनी घेतलं ते सोंग म्हणून घेतलं नव्हतं. त्या नात्यात जे मिळतं ते बाकी कुठल्या नात्यात मिळत नाही, अशी त्यांची खात्री होती. सेवकाला मालकाकडे मर्यादेने जावं लागतं. लेकराला हट्ट करता येतो, पण बरोबरीने रुसता येत नाही. बायको हक्काने रुसते, बोलावते, दार लावून घेते, वाट बघते. देवाशी हे सगळं करायचं असेल तर ज्या आवाजाला हे करायची सवय आहे तोच आवाज घ्यावा लागतो. ज्ञानोबांनी सहाशे वर्षं आधी तेच केलं.

आणि आणखी एक पाहा, कारण सासूबाईंच्या बोलण्याचा काटा तुला इथेच रुतलाय. ‘बाप रखुमादेविवर’ ही ज्ञानोबांची नाममुद्रा. ज्याच्यासाठी अंग भाजतंय त्यालाच शेवटच्या ओळीत ती बाई ‘बाप’ म्हणते, आणि त्याच दमात रखुमाईचा नवराही म्हणते. प्रियकर, बाप, दुसरीचा धनी, सगळं एका ओळीत. जनाबाई त्याच विठ्ठलाला आई करते आणि कधी आपल्याबरोबर जात्यावर बसवते. आपल्या संतांनी देवासाठी वेगळं, सोवळ्यातलं एखादं नातं जपून ठेवलेलं नाही. घरातली जी नाती होती तीच त्यांनी वापरली, एकमेकांत मिसळू दिली. तुझ्या मनात नवरा आणि विठ्ठल एकमेकांच्या जागी येतात म्हणून तू घाबरलीस. ज्या परंपरेत तू गातेस तिला याची भीती कधी वाटलेली नाही.

पण बाई, एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे, कारण इथे घसरायला होतं. विराणी म्हणताना नवरा आठवणं वेगळं आणि नवऱ्याशी जे बोलायचं ते विराणीत बोलून मोकळं होणं वेगळं. पहिल्यात गाणं उजळतं. दुसऱ्यात गाणं झाकण होतं. आपलं कोणतं चाललंय हे कसं ओळखायचं, तर भजनातून घरी आल्यावर स्वतःकडे बघ. मुलीने हट्ट केला, चुलीपाशी सासूबाई काही बोलल्या, तर तू नेहमीपेक्षा मऊ असतेस की खेकसतेस? रात्री त्यांचा फोन आला तर बोलावंसं वाटतं की ‘आता काय बोलायचं’ म्हणून दोन शब्दांत ठेवून देतेस? खेकसत असशील, फोन तुटक होत असेल, तर गाण्यात रडून जे निघतंय तो राग आहे. रागाला विराणी नको, बोलणं हवं. शेताचं कर्ज, मुलीची शाळा, तुम्ही कधी येणार किंवा आम्हाला कधी नेणार, हे विषय ज्ञानोबांच्या गळ्यात घालून चालणार नाही.

वाट पाहणं म्हणजे गप्प बसणं, असा तुझा समज असेल तर तुझ्या जवळच्याच एका बाईची आठवण देते. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर मानतात; आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मिणीने कृष्णाला धाडलेलं पत्र आहे, सात श्लोकांचं. तिने त्याला पाहिलेलंही नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून त्याचे गुण ऐकलेत फक्त. पत्राची सुरुवात त्या ऐकण्यानेच होते. लाज सोडून माझं मन तुझ्याकडे आलंय, असं ती म्हणते. पण ती तिथे थांबत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला ने, म्हणजे वाड्यात शिरून माझ्या माणसांना मारायची वेळ येणार नाही. दिवस सांगितला, जागा सांगितली, अडचण सांगितली आणि तिच्यावरचा उपायही सांगितला. एवढी तळमळ आणि तरी डोकं जाग्यावर. विदर्भाच्या लेकीचं हे पत्र मला विराण्यांइतकंच प्रिय आहे.

तूही पत्र लिही. फोनवर पोरगी मधे बोलते, रेंज जाते, सासूबाई शेजारी असतात. तू मला जितकं लिहिलंस तितकं त्यांना कधी सांगितलं असशील असं वाटत नाही. ‘विराणी म्हणताना तुम्ही आठवता, त्या दिवशी रडले’ हे त्यांना कळू दे. ते वाचून चाकणच्या खोलीत बसलेल्या माणसाला काय वाटेल ते तुझ्या सासूबाईंना काय वाटलं यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. आणि त्यासोबत येण्याजाण्याचं, पैशाचं, पुढच्या वर्षाचं जे विचारायचं ते रुक्मिणीसारखं नेमकं विचार.

आता गाण्याबद्दल थोडं. रडू आलं तर येऊ दे, पण ते ओढून आणू नकोस. एकदा मंडळातल्या बायका तुझ्याबरोबर रडल्या की पुढच्या खेपेला आपण नकळत तीच ओळ लांबवतो, ‘पोळी’वर थांबतो, हरकत घेतो. मग पद विरहिणीचं राहत नाही, गाणाऱ्या बाईचं होतं. ‘घनु वाजे’ची लय सरळ ठेव. घुणघुणा, रुणझुणा या शब्दांतच ढग आणि वारा आहे, त्यांना वरून सजवायची गरज नाही. लय शेवटपर्यंत चढवू नकोस, आणि आरशाच्या कडव्याआधी टाळ अगदी हलके करायला सांग. ते कडवं दोनदा म्हण, दुसऱ्यांदा वाद्यांशिवाय म्हटलंस तरी चालेल. नवरा डोळ्यांपुढे असू दे. त्याला हाकलायच्या खटपटीत सूर जातो. पण आरशाची ओळ येईल तेव्हा डोळ्यांपुढे कोण आहे यापेक्षा शब्दांकडे लक्ष ठेव. तिथे ‘तो’ आणि ‘मी’ दोघांनाही थोडं बाजूला व्हावं लागतं. नेमाने गात राहिलीस की तुला कळेल की त्या ओळीपर्यंत जो येतो तो तुझा नवराच असतो, पण ती ओळ ओलांडताना तो तितका आणि तेवढाच राहत नाही. तेव्हा जे होतं त्याला मी नाव देणार नाही. ज्ञानोबांनीही दिलेलं नाही, नुसतं ‘मज ऐसें केलें’ म्हणून सोडून दिलंय.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना गाण्याची अडचण नाही, तुझं रडू चार बायांत दिसलं याची अडचण आहे, आणि त्यामागे लेक लांब आहे याची त्यांची स्वतःची घालमेलही असेल. त्यांच्याशी बोलायचं असेल तर ‘पैल तो गे काऊ कोकताहे’पासून सुरुवात कर. ते पद जुन्या बायकांना बहुतेक पाठ असतं. त्यात ती बाई कावळ्याला म्हणते, पंढरीराया घरी कधी येतील ते सांग, तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तोंडाला लावीन, दुधाची वाटी ओठाला लावीन. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे सासूबाई तुझ्या मुलीला सांगतच असतील. कार्तिकातल्या काकड्याला ते पद तुम्ही दोघींनी मिळून धरा. त्यांना पुढे म्हणू दे, तू मागे साथ कर. कुणाची वाट पाहून ते म्हणायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

तुझी मावशी